अमोनियाचे दहा थेंब

उज्वलाच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की माझ्या हातातला खडू तुटायचा. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये प्लायवूडची एकच भिंत. तिकडं पोरं हसली की इकडची पोरं माना वळवायची, आणि मी जोरात बोलायला लागायचो. केमिस्ट्रीत हसण्यासारखं असतं तरी काय? चोवीस वर्षं मी लातुरात केमिस्ट्री शिकवतोय. माझ्या वर्गात कधी कुणी हसलेलं नाही आणि मला त्याचा अभिमान होता.

ही उज्वला माझीच विद्यार्थिनी. कंधारहून आलेली, दोन वेण्या, तिसऱ्या बाकावर. पुढं नांदेडला एमएस्सी केलं, तिथल्याच आमच्या शाखेत दोन वर्षं शिकवलं आणि यंदा सोमेश सरांनी तिला लातूरला आणलं. सोमेश सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ती माझ्या पाया पडली. "मला केमिस्ट्री सरांनीच शिकवली," म्हणाली. मी आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, चला, पोरगी विसरली नाही. पंधरा दिवसांत माझ्या बॅचमधली पोरं डाउट विचारायला तिच्या टेबलाशी उभी राहू लागली, तेव्हा तोच नमस्कार मला चिमटा काढल्यासारखा आठवायला लागला.

खरं सांगायचं तर मी जळत होतो. त्याला दुसरा शब्द नाही. ती डबा उघडायची तरी मला राग यायचा.

त्यात रँक बॅचचा विषय निघाला. रँक बॅच म्हणजे आमच्या क्लासमधली निवडक साठ पोरं. बहुतेक रिपीटर, डॉक्टर व्हायचंच म्हणून दुसऱ्यांदा नीटची परीक्षा देणारी. ती बॅच ज्याच्याकडं, त्याचा फोटो क्लासच्या बोर्डावर पहिला. अकरा वर्षं तिथं माझा फोटो होता. सोमेश सर मला बोलावून म्हणाले, "भागवत सर, यंदा डेमो घेऊ. एक विषय, दोघं शिकवा. पोरं चिठ्ठ्या टाकतील. ज्याच्या जास्त, त्याची बॅच."

"माझा डेमो?" मी म्हणालो. "चोवीस वर्षांनी?"

"सर, पोरांचाच आग्रह हाय. मी काय करू?"

विषय ठरला क्षारांचं हायड्रॉलिसिस. गुरुवारी मी, शनिवारी ती. मी माझ्या पद्धतीनं शिकवलं. अमोनियम क्लोराइड, सशक्त आम्ल आणि दुर्बळ अल्कली यांचा क्षार, म्हणून द्रावण आम्लधर्मी. हे सूत्र, ही किंमत घाला, शून्य पॉइंट एक मोलरला पीएच पाच पॉइंट एक. पुढं अमोनियम ॲसिटेट, दोन्हीकडं दुर्बळ, पीएच सात, म्हणजे ना आम्ल ना अल्कली. लिहून घ्या. पोरांनी लिहून घेतलं. फळा भरला, माझा शर्ट खडूनं पांढरा झाला, टाळ्या वाजल्या. बऱ्या वाजल्या.

शुक्रवारी दुपारी मी प्रयोगशाळेत गेलो. तशी ती लहानच, दोन टेबलं आणि एक कपाट. ती सांभाळतात कलीमभाई. आमच्याकडं पद्धत अशी की शिक्षकानं काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, कलीमभाई वजन करून द्रावणं तयार ठेवतात. शिक्षक बाटलीला हात लावत नाही. कलीमभाई नमाजाला गेले होते आणि टेबलावर उज्वलाची चिठ्ठी वजनाखाली ठेवलेली होती. अक्षर माझ्यासारखंच, अगदी सातचा आकडासुद्धा. अमोनियम क्लोराइड शून्य पॉइंट एक मोलर, शंभर मिली. अमोनियम ॲसिटेट शून्य पॉइंट एक मोलर, शंभर मिली. उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी. पीएच मीटर, बफर चार आणि सात. दुपारी दोनला डेमो, एकपर्यंत तयार हवं.

म्हणजे बाई मीटर लावून दाखवणार होत्या. माझ्या फळ्यावरचा सात पोरांनी लिहून घेतला, तिचा सात पोरं डोळ्यांनी बघणार. पाणीसुद्धा उकळून मागितलेलं, हवेतला कार्बन डायॉक्साइड विरघळून आकडा बिघडू नये म्हणून. मला हे सुचलं असतं का? सुचलं असतं. पण मी कधी केलं नव्हतं.

नमाजाच्या घाईत कलीमभाई कपाटाला कुलूप लावायला विसरले होते. आत अमोनियम ॲसिटेटच्या दोन बाटल्या होत्या. नवी, सील तोडून महिना झालेली, पुढं. जुनी मागं, तळाशी ढेकळं झालेली, झाकण पिचलेलं. जुनीचं झाकण उघडलं आणि नाकाला व्हिनेगरचा वास लागला. हा क्षार ओलावा धरतो आणि हळूहळू त्यातला अमोनिया उडून जातो. मागं उरतं ॲसिटिक ॲसिड. अशा बाटलीतून बनवलेलं द्रावण सात दाखवणार नाही.

मी काय केलं ते सरळच सांगतो. जुन्या बाटलीतून वजन करून शंभर मिली द्रावण बनवलं. मीटर बुडवलं. सहा पॉइंट शून्य. शेल्फवर अमोनियाची ड्रॉपरची बाटली होती, तिच्यावर नुसतं 'डायल्यूट अमोनिया' लिहिलेलं. कलीमभाई ते अंदाजानंच बनवतात, त्याची तीव्रता देवालाही ठाऊक नाही. मी थेंब थेंब टाकत गेलो. दहाव्या थेंबाला मीटर सातवर आलं. खात्री करावी म्हणून पुन्हा बनवलं, पुन्हा टाकले. पुन्हा दहा.

माझं नाटक तयार झालं. उद्या तिचा आकडा चुकेल. ती गोंधळेल. पोरं कुजबुजतील. मग मागच्या बाकावरून मी उठेन, शांतपणे कारण सांगेन, उपाय सांगेन आणि सगळ्यांना कळेल की केमिस्ट्री कुणाला येते. मी बीकर धुतले, जुनी बाटली कपाटात पुढं ठेवली आणि नवी पिशवीत घालून माझ्या लॉकरमध्ये नेली. जिन्यात मला आतून मजा वाटत होती, तेही कबूल करतो.

शनिवारी हॉल भरलेला. साठ पोरं, भिंतीला टेकून काही पालक, पहिल्या रांगेत सोमेश सर. मी मागच्या बाकावर. कलीमभाईंनी टेबलावर सगळं मांडून दिलं आणि ते दाराशी उभे राहिले. उज्वलानं पिवळी ओढणी खोचली आणि आधी मीटर बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, बुडवून दाखवलं.

"हे कशाला? तर उद्या कुणी म्हणायला नको, मॅडमचं मीटरच बिघडलेलं व्हतं," ती म्हणाली. हॉल हसला.

मग तिनं अमोनियम क्लोराइड घेतलं. "या पाण्यात कुणी ॲसिड टाकलं का? न्हाई. मग हे आंबट का?" साक्षी नावाची पोरगी उठली, चाकूरची, माझ्याच गावाकडची. म्हणाली, "मॅडम, अमोनियम पाण्याला हायड्रोजन देतो." "बरोबर. अमोनियम आयन पाण्याला एक प्रोटॉन देतो, स्वतः अमोनिया होतो, हायड्रोनियम तयार होतो. क्लोराइड काय करतो? काहीच न्हाई. हायड्रोक्लोरिक सशक्त आम्ल, त्याच्या क्लोराइडला प्रोटॉन परत घ्यायची हौस न्हाई. तो गंमत बघत बसतो." तिनं मीटर बुडवलं. पाच पॉइंट एक. "आता सांगा, दहा लाख अमोनियमपैकी किती जणांनी हे केलं असेल?" पोरं म्हणाली, अर्धे, पाव, हजार. "पंच्याहत्तर," ती म्हणाली. "दहा लाखांत फक्त पंच्याहत्तर. आणि तेवढ्यावर पीएच सातावरून पाचावर." दहापट पाणी घालून तिनं पुन्हा मोजलं. पाच पॉइंट सहा. "पातळ केलं की हा आकडा सरकतो. ध्यानात ठेवा."

पोरं वाकून बघत होती. मी गुरुवारी हेच सांगितलं होतं, फक्त पंच्याहत्तर सांगितलं नव्हतं.

"आता अमोनियम ॲसिटेट," ती म्हणाली. "इथं दोघंही गप्प बसणारे न्हाईत. अमोनियम पाण्याला प्रोटॉन देतो, ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन घेतो. एकाकडून हायड्रोनियम, दुसऱ्याकडून हायड्रॉक्साइड. ते दोघं भेटले की पुन्हा पाणी. म्हणून दोन्ही आयन एकमेकांना आणखी पुढं ढकलत राहतात. दहा लाखांत किती? साडेपाच हजारांच्या वर. क्लोराइडच्या पंच्याहत्तर पट. आणि तरी पीएच सात, कारण इथं देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ताकद जवळपास सारखी. सात म्हणजे काही घडत नाही असं नव्हे. सात म्हणजे दोन्हीकडून सारखंच लई काही घडून राहिलंय."

मग ती म्हणाली, "बारावीत मी हा प्रश्न माझ्या सरांना विचारला होता. त्यांनी मला सात लक्षात ठेवायला शिकवलं. बाकीचं शोधायची सवय मला त्यांच्यामुळंच लागली."

साठ माना मागं वळल्या. पोरं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मला तो दिवस लख्ख आठवत होता. मी तिला म्हटलं होतं, परीक्षेत सात लिही आणि पुढं जा, डोकं खाऊ नको. तेवढंच. त्यातून हिनं माझ्यासाठी चांगलं वाक्य शोधून काढलं होतं. सगळ्यांसमोर तिनं माझा अपमान केला असता तर मला बरं वाटलं असतं. या मोठेपणानं माझं अंग पेटलं.

तिनं मीटर बुडवलं. "बघा आता."

सहा पॉइंट शून्य.

उज्वलानं आकडा बघितला, मीटर बाहेर काढलं, धुतलं, बफरमध्ये बुडवलं. सात पॉइंट शून्य. पुन्हा धुतलं, पुन्हा बीकरमध्ये. सहा पॉइंट शून्य. तिनं दहापट पातळ करून बघितलं. तेही सहाच्याच आसपास. पालकांतल्या एका गृहस्थानं खोकल्यासारखं केलं. सोमेश सरांनी घड्याळ बघितलं. मी पाय जमिनीवर टेकून तयार झालो. आणखी थोडं, म्हटलं, आणखी थोडं गोंधळू दे.

पण ती गोंधळलीच नाही. म्हणजे चेहरा उतरला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ती फळ्याकडं वळली नाही, पोरांकडं वळली.

"मी सात म्हणाले, आलं सहा. आता काय करायचं? मीटर बरोबर हाय, तुमच्यासमोर तपासलं. गणित बरोबर हाय, आत्ताच मांडलं. पातळ केलं तरी आकडा सरकला न्हाई, म्हणजे हे एकट्या अमोनियमचं काम न्हाई, जोडी तीच हाय. मग उरलं काय? बीकरमध्ये मला वाटतंय ते, तेवढंच न्हाई. दोघांतला एक जण कमी पडून राहिला. कोण कमी पडला असेल?"

आणि तिनं मूळ बीकर उचलून नाकाकडं नेला.

माझ्या लक्षात आलं, तिला कळणार. आता, या क्षणी. वास आला की ती हसेल, "अमोनिया पळाला" म्हणेल, पोरं टाळ्या वाजवतील, आणि चुकलेला प्रयोगसुद्धा तिचा होऊन बसेल. माझं नाटक, माझी बाटली, माझा एवढा घाम, सगळं तिच्या खात्यात. मी उठलो तो जवळजवळ ओरडतच.

"अमोनिया उडालाय! जुना क्षार आहे. अमोनिया उडून जातो, ॲसिटिक ॲसिड मागं राहतं. शंभरातले पाच भाग उडाले तरी पीएच सहा येतो. मॅडम, तो शेल्फवरचा डायल्यूट अमोनिया घ्या. दहा थेंब टाका. दहा थेंबांत सात येईल."

उज्वला बीकर तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सर म्हणतात तसं करू." कलीमभाईंनी ड्रॉपरची बाटली आणून दिली. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. सहाव्या थेंबाला मीटर सहा पॉइंट चार. आठव्याला सहा पॉइंट सहा. नवव्याला सहा पॉइंट आठ. "दहा!" पोरं ओरडली आणि आकडा सातवर येऊन थांबला.

काय टाळ्या पडल्या! पालक उभे राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. "बसल्या जागेवरून सांगितलं राव, दहा म्हणजे दहा!" सोमेश सर वळून माझ्याकडं बघत हसले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी पोरं हसत होती. चिठ्ठ्या त्याच हॉलमध्ये टाकल्या गेल्या. अडतीस माझ्या, बावीस तिच्या.

पोरं जिन्यानं उतरली तेव्हा मी तिथंच उभा होतो, अभिनंदन घेत. उज्वला टेबल आवरून बाहेर आली. हातात अमोनियाची ती छोटी बाटली होती.

"सर, तुमचं लई बरोबर आलं," ती म्हणाली.

"अनुभव आहे, बाई."

"हाव. अमोनिया उडाला हे अनुभवानं कळतं. पाच टक्के हेही मीटरच्या आकड्यावरून काढता येतं, सहाला तेवढंच बसतं." तिनं बाटली माझ्यासमोर धरली. "पण हिच्यावर नुसतं डायल्यूट लिहिलंय, सर. अर्धा मोलर असेल तर वीस थेंब लागतील. दोन मोलर असेल तर पाच. कलीमभाईंना विचारलं, त्यांनाच माहीत न्हाई किती पाणी घातलं. तुम्ही दहा म्हणालात."

मी खिशातली लॉकरची किल्ली चाचपली.

"एकदाच करून बघितलं का दोनदा?"

प्रश्न तिनं साध्या आवाजात विचारला. एखाद्या विद्यार्थ्याच्या जर्नलमधलं निरीक्षण तपासावं तसा. आणि माझ्यातला मास्तर माझ्याआधी बोलून गेला.

"दोनदा."

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. नुसती मान हलवली, प्रयोग जुळला की आम्ही हलवतो तशी. तेवढ्यात शिपाई आला. सोमेश सरांनी तिघांना बोलावलं होतं, मला, तिला आणि कलीमभाईंना.

केबिनमध्ये सोमेश सरांनी आधी माझ्या हातात पेढा ठेवला. "रँक बॅच तुमची. सोमवारपासून." मग त्यांचा चेहरा बदलला आणि ते कलीमभाईंकडं वळले. "पालकांसमोर क्लासची शोभा झाली असती. खराब माल वापरायचं कारण काय? गेल्या महिन्यात नवी बाटली मागवली होती ना?"

"साहेब, मी तर पुढची बाटली घेतली," कलीमभाई म्हणाले. "नेहमी नवीच पुढं ठेवतो मी. आज वजन करताना डोळ्याला चष्मा न्हवता, नाक सर्दीनं बंद. नंतर बघतो तर नवी बाटली कपाटातच न्हाई. सगळं धुंडाळलं."

"न्हाई म्हणजे? पाय फुटले तिला? किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं, साहेब."

"मग कुठं गेली? इथल्या बाटल्या बाहेर जायला लागल्या का?"

कलीमभाईंचा चेहरा पांढरा पडला. सोळा वर्षांपासूनचा हा माणूस. माझ्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांना वाढायला उभा राहिलेला. ते म्हणाले, "साहेब, कसम, मी सुईएवढीही वस्तू कधी घरी नेली न्हाई."

"सोमवारपासून यायची गरज न्हाई," सोमेश सर म्हणाले. "मला हिशोब देऊन जा, बस."

उज्वलानं माझ्याकडं बघितलं. बोट दाखवलं नाही, भुवया उंचावल्या नाहीत. ती फक्त माझ्याकडं बघत थांबली. वर्गात विद्यार्थी उत्तराच्या अगदी जवळ आला की मास्तर थांबतो, त्याला स्वतः बोलू देतो, तशी. लॉकरची किल्ली माझ्या खिशात होती. बाटली तिथून वीस पावलांवर होती. एवढंच म्हणायचं होतं, सोमेश सर, बाटली माझ्याकडं आहे. पेढा माझ्या तळहातावर विरघळून चिकट व्हायला लागला होता. मी तोंड उघडलं. आणि मला बोर्डावरचा पहिला फोटो दिसला, त्या जागी तिचा फोटो दिसला, आणि मी तोंड मिटलं.

ती किती वेळ थांबली? दहा सेकंद असतील. मला तास वाटला.

"सर, बाटली मी नेली," ती सोमेश सरांना म्हणाली. "शुक्रवारी. घरी एकदा करून बघावं म्हणून. चिठ्ठी लिहायला विसरले. कलीमभाईंना माहीत न्हाई. त्यांचा यात काही संबंध न्हाई."

सोमेश सर भडकले. काय काय बोलले. बेजबाबदार म्हणाले, नांदेडला हेच शिकवलं का म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा नांदेडला जा म्हणाले, इथं तुमची बॅच दुसऱ्याला देतो. ती खाली मान घालून ऐकत राहिली. कलीमभाईंनी तिला हात जोडले. तिनं घाईनं त्यांचे हात खाली केले. "बाटली सोमवारी कपाटात असेल," ती म्हणाली. हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाहेर पडल्यावर तिनं पायरीपाशी ओढणी नीट केली, "येते सर" म्हणाली आणि उतरायला लागली. खाली दाराशी पंचवीस-तीस पोरं तिची वाट बघत उभी होती, साक्षी सगळ्यांत पुढं. पाच टक्के कसे काढायचे, मॅडम, एकदा सांगा ना. ती भर उन्हात स्कूटीच्या सीटवर वही ठेवून त्यांना सांगायला लागली.

मी वरून बघत उभा राहिलो. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी जळत होतं. चूक माझी होती. ती कबूल करायची जागा माझी होती, आणि मला दहा सेकंद मिळाले होते. ती जागाही पोरीनं घेतली, आणि किती चांगली घेतली. मला त्या कबुलीचाही हेवा वाटला.